विश्लेषण : डोक्याला मार लागल्यानंतर एकाचे दोन का दिसते? ‘व्हिजन थेरपी’चा उपयोग किती?

सीटी स्कॅन नॉर्मल, चष्म्याचा नंबर नॉर्मल, तक्त्यावरची शेवटची ओळही वाचता येते. तरीही मोबाइल हातात घेतला की अक्षरे हलतात, एका ओळीच्या दोन होतात आणि ट्यूबलाइटचा उजेड टोचतो. कन्कशन झालेल्या अनेकांची ही तक्रार असते आणि तिचे कारण बऱ्याचदा पट्टीने मोजता येते.

चर्चेचे निमित्त काय?

३१ जानेवारी २०२५ रोजी पुण्याजवळील गहुंजे येथे भारत-इंग्लंड टी-२० सामन्यात शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू आदळला. त्याच्या जागी ‘कन्कशन सबस्टिट्यूट’ म्हणून हर्षित राणा आला आणि त्याने तीन बळी घेतले. अष्टपैलू फलंदाजाच्या जागी वेगवान गोलंदाज कसा चालतो, यावर वाद रंगला. २०२५च्या मध्यात आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने नियम कडक केले. संघांनी कन्कशनचे संभाव्य बदली खेळाडू आधीच जाहीर करायचे आणि कन्कशनचे निदान झालेल्या खेळाडूने किमान सात दिवस मैदानाबाहेर राहायचे.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियाचा विल पुकोव्हस्की वयाच्या २७व्या वर्षी निवृत्त झाला. २०२१मध्ये सिडनीत भारताविरुद्ध पदार्पणात ६२ धावा करणाऱ्या या सलामीवीराची ती एकमेव कसोटी ठरली. वारंवार डोक्याला मार लागल्यानंतर थकवा, डोकेदुखी, मळमळ आणि डाव्या बाजूला काही हालचाल झाली की होणारी अस्वस्थता, असा त्रास शेवटच्या दुखापतीला वर्ष उलटल्यावरही सुरू असल्याचे त्याने सांगितले होते.

क्रिकेटपटूंकडे संघाचा डॉक्टर असतो. स्कूटर घसरून डोके आपटलेल्याला सीटी स्कॅन नॉर्मल आल्याचे सांगून दुसऱ्या दिवशी घरी पाठवले जाते. तीन आठवड्यांनी लॅपटॉपसमोर बसल्यावर डोळे साथ देत नाहीत, तेव्हा नेमके कोणाकडे जायचे हेच त्याला कळत नाही.

डोळा शाबूत असताना दिसण्यात बिघाड कसा होतो?

कन्कशनमध्ये मेंदूला हिसका बसतो. कवटी थांबते, आतला मेंदू क्षणभर पुढे सरकतो, वळतो. या हिसक्याने मज्जातंतूंचे लांब धागे ताणले जातात आणि त्यांचे काम काही काळ विस्कळीत होते. रक्तस्राव किंवा हाड मोडणे यापैकी काही झाले नसेल, तर सीटी स्कॅनमध्ये काहीच दिसत नाही. स्कॅन रचना दाखवतो. बिघाड मात्र कामकाजात असतो.

दृष्टीच्या बाबतीत हे कामकाज फार नाजूक आहे. प्रत्येक डोळ्याला सहा स्नायू असतात. दोन्ही डोळ्यांचे मिळून बारा स्नायू इतक्या अचूकपणे हलावे लागतात, की दोन्ही डोळ्यांतील प्रतिमा मेंदूत एकमेकींवर तंतोतंत बसल्या पाहिजेत. दूरचे पाहताना दोन्ही डोळ्यांच्या नजरा जवळपास समांतर असतात. पुस्तक वाचताना दोन्ही डोळे नाकाच्या दिशेने आत वळतात. याला ‘कन्व्हर्जन्स’ म्हणतात. त्याच वेळी डोळ्यातले भिंग फुगून फोकस जवळ आणते. ही दोन्ही कामे एकमेकांना बांधलेली आहेत आणि त्यांचे नियंत्रण मेंदूच्या खोल भागातून होते.

हे नियंत्रण ढिले पडले, की आत वळण्याचे काम अपुरे पडते. नजर पानावर न मिळता पानाच्या मागे कुठेतरी मिळते. फरक थोडा असेल तर मेंदू जोर लावून प्रतिमा जुळवतो आणि त्याची किंमत डोकेदुखीच्या रूपाने मोजतो. फरक जास्त असेल तर एकाची दोन अक्षरे दिसतात. फोकसचे काम अडखळले तर अक्षरे अंधूक होतात, किंवा फळ्यावरून वहीकडे पाहिल्यावर स्पष्ट दिसायला दोन-तीन सेकंद लागतात.

फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयाशी संबंधित संशोधकांनी २०१६मध्ये कन्कशन झालेल्या १०० किशोरवयीन मुलांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यातील ६९ टक्के मुलांमध्ये दृष्टीशी संबंधित किमान एक दोष आढळला. सुमारे निम्म्या मुलांमध्ये फोकसचा दोष होता आणि जवळपास तितक्याच मुलांमध्ये डोळे आत वळवण्याचा. ही मुले विशेष क्लिनिकमध्ये आलेली होती, त्यामुळे डोक्याला मार लागलेल्या प्रत्येकाला हे प्रमाण लागू करता येणार नाही. मात्र डोळ्यांच्या तक्त्यावर ६/६ आले म्हणून विषय संपत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. तो तक्ता सहा मीटरवरचा असतो आणि एका वेळी एकच डोळा तपासतो. बिघाड असतो तो जवळचा आणि दोन डोळ्यांच्या जोडीचा.

मोबाइल हातात घेतला की त्रास का वाढतो?

यामागे साधे गणित आहे. डोळ्यांना किती आत वळावे लागते, हे ‘प्रिझम डायॉप्टर’मध्ये मोजतात. दोन बाहुल्यांमधील अंतर सेंटिमीटरमध्ये घ्यायचे आणि त्याला वस्तूच्या मीटरमधील अंतराने भागायचे. बहुतेक प्रौढांत बाहुल्यांमधील अंतर सहा सेंटिमीटरच्या आसपास असते. पुस्तक ४० सेंटिमीटरवर असेल तर सहा भागिले ०.४ म्हणजे सुमारे १५. तोच माणूस मोबाइल २५ सेंटिमीटरवर धरत असेल तर सहा भागिले ०.२५ म्हणजे २४. फोकससाठी लागणारा जोरही अडीचवरून चार डायॉप्टरवर जातो.

अंतर १५ सेंटिमीटरने कमी झाले, पण डोळ्यांवरचे काम दीडपटीहून अधिक वाढले. अंथरुणात आडवे होऊन मोबाइल नाकाजवळ धरणाऱ्यांचा हिशेब याहून वाईट असतो. निरोगी डोळे हा भार पेलतात, कारण त्यांच्याकडे राखीव ताकद असते. कन्कशननंतर हीच राखीव ताकद घटते. म्हणूनच टीव्ही पाहताना काही होत नाही आणि व्हॉट्सॲप उघडले की दहा मिनिटांत कपाळ ठणकते.

स्क्रीनबाबत एक पुरावा ठोस आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये १२ ते २५ वयोगटातील १२५ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. कन्कशननंतरचे पहिले ४८ तास एका गटाला स्क्रीन टाळायला सांगितले, दुसऱ्याला मुभा दिली. स्क्रीन टाळणाऱ्यांची लक्षणे मध्यमान साडेतीन दिवसांत ओसरली, दुसऱ्या गटाला आठ दिवस लागले. पहिल्या दोन दिवसांचे हे पथ्य आहे. त्यापुढे महिनाभर मोबाइल कपाटात ठेवावा, असा अर्थ त्यातून निघत नाही.

एकाचे दोन दिसणे कधी धोक्याचे?

दुहेरी दिसत असेल तर पहिली चाचणी घरीच करता येते. एक डोळा हाताने झाका. मग तो उघडून दुसरा झाका. कोणताही एक डोळा झाकल्यावर दुहेरीपणा जात असेल, तर दोष दोन डोळ्यांच्या जुळणीत आहे. एकच डोळा उघडा असतानाही त्यात दोन प्रतिमा दिसत असतील, तर कारण बहुधा त्या डोळ्यातच असते. नंबर, कोरडेपणा, भिंग किंवा बुबुळाची इजा, यापैकी काहीतरी. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत.

मार लागल्यानंतर लगेच एकाचे दोन दिसू लागले, तर तो रुग्णालयात नेण्याचा इशारा मानला जातो. मैदानावर वापरल्या जाणाऱ्या कन्कशन ओळखण्याच्या आंतरराष्ट्रीय सूचीतही ते धोक्याच्या लक्षणांत आहे. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, गुंगी, झटका, हातापायात अशक्तपणा ही त्याच यादीतील लक्षणे. एक पापणी खाली पडली आहे आणि त्या डोळ्याची बाहुली मोठी झाली आहे, असे दिसले तर थांबायला वेळच नसतो. डोळ्याकडे जाणाऱ्या मज्जातंतूवर कवटीच्या आत दाब येत असण्याची ती खूण असू शकते.

काही वेळा मज्जातंतूला इजा होते, पण ती इतकी नाट्यमय नसते. डोळ्याच्या एका तिरप्या स्नायूला चालवणारा चौथा मज्जातंतू बारीक आणि लांब असतो, त्यामुळे डोक्याच्या मारात तो सहज दुखावतो. अशा रुग्णाला प्रतिमा बाजूला नव्हे तर वर-खाली दिसतात. जिना उतरताना पायरी चुकते आणि नकळत मान एका खांद्याकडे झुकवून तो पाहू लागतो. सहावा मज्जातंतू दुखावला तर दूरचे दोन दिसते आणि त्या बाजूला पाहिल्यावर अंतर वाढते. जवळचे मात्र ठीक दिसते. कन्व्हर्जन्सच्या दोषात नेमके याच्या उलट होते. ‘दूरचे दोन दिसते की जवळचे’ या एका प्रश्नात निदानाची निम्मी वाट सापडते, ती अशी.

मज्जातंतूच्या इजेत डोळ्यांचे व्यायाम हा पहिला उपचार नाही. अनेक महिने वाट पाहतात, तोवर चष्म्याला चिकटवायचे प्रिझम किंवा एका डोळ्यावर पट्टी वापरतात. सुधारणा थांबून मोजमाप स्थिर झाले, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. हे ठरवण्याचे काम नेत्रतज्ज्ञाचे, गरजेनुसार न्यूरोलॉजिस्टचे.

तपासणीत नेमके काय मोजतात?

सर्वात उपयुक्त चाचणीला एक पेन आणि पट्टी पुरते. पेनाचे टोक किंवा बारीक अक्षर हातभर अंतरावरून हळूहळू नाकाकडे आणतात. ते दोन दिसू लागले, किंवा एक डोळा बाहेर सरकला, की थांबून नाकापासूनचे अंतर मोजतात. निरोगी तरुणांमध्ये हा बिंदू पाच-सहा सेंटिमीटरच्या आत येतो. हीच चाचणी तीनदा करतात. पहिल्यांदा सहा, मग नऊ, मग तेरा असे आकडे आले तर दोष थकव्याने उघड होतो आहे, हे कळते. एकदाच मोजून ‘नॉर्मल’ म्हणणाऱ्याच्या हातून असा रुग्ण निसटतो.

पिट्सबर्ग विद्यापीठातील पथकाने २०१४मध्ये ‘व्हॉम्स’ ही काही मिनिटांची चाचणी मांडली. तिच्यात डोळ्यांनी वस्तूचा पाठलाग, दोन बिंदूंमध्ये नजरेची उडी, कन्व्हर्जन्स, नजर स्थिर ठेवून मान हलवणे आणि हलत्या दृश्यात उभे राहणे यांचा समावेश आहे. प्रत्येक टप्प्यानंतर डोकेदुखी, चक्कर, मळमळ आणि डोक्यातील धूसरपणा यांना रुग्ण शून्य ते दहा गुण देतो. डोळे नीट हलतात का, एवढेच न पाहता ते हलवल्यावर त्रास वाढतो का, हे ती पकडते. मान हलवल्यावरच त्रास वाढत असेल तर दोष कानातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेशी जोडलेला असू शकतो. त्यासाठी वेगळे व्यायाम लागतात आणि ते तोलाचे प्रशिक्षण घेतलेला फिजिओथेरपिस्ट करून घेतो.

उपचार प्रत्यक्षात कसे चालतात?

समजा, नाशिकमध्ये ऑफिसात एक्सेल शीटवर काम करणारी २४ वर्षांची तरुणी आहे. (हे कल्पित उदाहरण आहे, पण आकडे अशा रुग्णांत आढळतात तसेच आहेत.) गतिरोधकावर स्कूटर घसरली, हेल्मेट दुभाजकावर आपटले. सीटी स्कॅन नॉर्मल. पाचव्या आठवड्यातही वीस मिनिटे वाचले की ओळी एकमेकींवर चढतात. दोन्ही डोळ्यांची नजर ६/६ आहे.

ऑप्टोमेट्रिस्ट मोजतो. पेन १४ सेंटिमीटरवर असतानाच तिला दोन दिसू लागते. एक डोळा झाकून पाहिल्यावर जवळच्या अंतरावर डोळ्यांचा कल आठ प्रिझम डायॉप्टर बाहेरच्या बाजूला आहे. दूरवर तो जेमतेम एक आहे. हा कल आवरून धरण्यासाठी त्याच्या दुप्पट राखीव ताकद असावी, असा जुना आणि अजूनही वापरात असलेला ठोकताळा आहे. म्हणजे तिला किमान १६ हवी. डोळ्यांसमोर प्रिझम वाढवत नेले तर ती दहावरच हार मानते. फोकसचेही तसेच. वयाच्या चतुर्थांशाला १५मधून वजा केले, की किमान अपेक्षित फोकसशक्ती मिळते. चोविसाव्या वर्षी ती नऊ डायॉप्टर हवी, तिची सहाच भरते. लक्षणांच्या १५ प्रश्नांच्या प्रश्नावलीत ६०पैकी ३४ गुण पडतात. प्रौढांमध्ये २१ किंवा अधिक गुण म्हणजे त्रास लक्षणीय मानतात.

पहिली पायरी भार कमी करण्याची. अक्षरांचा आकार वाढवून मोबाइल ४० सेंटिमीटरवर, कामाचे वीस मिनिटांचे तुकडे आणि मध्ये दूरवर पाहणे. चष्म्याचा छोटा राहिलेला नंबरही या काळात दुरुस्त करतात, एरवी तो खपून जातो. दुहेरी दिसत असेपर्यंत दुचाकी बंद.

मग व्यायाम. सुरुवात बहुतेक वेळा ‘ब्रॉक स्ट्रिंग’ने होते. ही तीन रंगीत मणी ओवलेली दोरी. एक टोक दाराच्या कडीला डोळ्यांच्या उंचीवर बांधायचे, दुसरे नाकाच्या शेंड्याला टेकवायचे. एका मण्याकडे पाहिले, की तो मणी एक दिसला पाहिजे आणि दोरी मात्र दोन दिसल्या पाहिजेत, त्या मण्यापाशी फुलीसारख्या एकमेकींना छेदणाऱ्या. इतर मणी दोन-दोन दिसतात. रुग्णांना इथे धास्ती वाटते, पण हा दुहेरीपणा नैसर्गिक आहे आणि तोच इथे मोजपट्टीचे काम करतो. फुली मण्याच्या पुढे म्हणजे दूर पडली तर डोळे पुरेसे आत वळलेले नाहीत. अलीकडे पडली तर जास्त वळलेत. दोरी एकच दिसली तर एका डोळ्याची प्रतिमा मेंदूने बंद केली आहे. अशा वेळी व्यायाम नुसता चालू ठेवून उपयोग नसतो, आधी ती प्रतिमा परत आणावी लागते. घरी यूट्यूब पाहून दोरी बांधणाऱ्यांची गाडी बहुधा इथेच अडते. दोरी एकच दिसल्याने आपल्याला जमले, असे त्यांना वाटत राहते.

मणी ४० सेंटिमीटरवरून हळूहळू जवळ येतो. पुढे नजरेच्या उड्या येतात, लांबचा मणी, जवळचा मणी, पुन्हा लांबचा. कारण फळा-वही, आरसा-रस्ता, स्क्रीन-कीबोर्ड अशी खरी कामे उड्यांचीच असतात. फोकससाठी अधिक दोन आणि उणे दोन नंबरची भिंगे असलेली पलटपट्टी वापरतात. मजकूर ४० सेंटिमीटरवर धरून पट्टी पलटायची, अक्षर स्पष्ट झाले की पुन्हा पलटायची आणि मिनिटात किती फेऱ्या होतात ते मोजायचे. शेवटच्या टप्प्यात लाल-निळ्या चष्म्याने किंवा संगणकावर प्रतिमा हळूहळू दूर सारत जोडून ठेवण्याचा सराव असतो.

क्लिनिकमध्ये आठवड्यातून एक-दोन वेळा तासाभराचे सत्र आणि घरी रोज पंधरा मिनिटे, असा कार्यक्रम साधारण आठ ते बारा आठवडे चालतो. कन्कशननंतर जोर किती लावायचा, हा कळीचा मुद्दा आहे. शारीरिक व्यायामाला लावला जाणारा निकष इथेही कामी येतो. त्रास दहापैकी दोन गुणांहून अधिक वाढू नये आणि तासाभरात मूळ पातळीवर यावा. दुसऱ्या दिवशीही डोके जड असेल तर डोस जास्त झाला.

उपचार लागू पडले तर आकडे हलतात. पेनाचा बिंदू १४वरून सहाच्या आत येतो, राखीव ताकद दहावरून विशीत जाते, प्रश्नावलीचे गुण २१खाली येतात. दर तीन-चार आठवड्यांनी हे पुन्हा मोजायला हवे. ‘बरे वाटते का’ एवढाच प्रश्न विचारला जात असेल आणि आकडा सांगितला जात नसेल, तर तो रुग्णाने मागावा. सहा आठवड्यांत बिंदू जागचा हलला नाही, तर सत्रे वाढवत नेण्यापेक्षा निदान तपासावे. मायग्रेन, मानेची दुखापत, तोलाचा दोष, अपुरी झोप किंवा सुटलेली मज्जातंतूची इजा, यापैकी काहीतरी मागे असू शकते.

उजेड का टोचतो आणि काळा गॉगल का नको?

दृष्टिपटलात काही पेशी अशा आहेत ज्यांचे मुख्य काम चित्र पाहणे नसून उजेड किती आहे हे मेंदूला कळवणे आहे. त्यांच्यातील मेलानोप्सिन हे रंगद्रव्य ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला सर्वाधिक दाद देते. या पेशींचे संदेश मेंदूत वेदनेच्या वाटेवरील पेशींपर्यंत पोहोचतात. ती वाट आधीच चिडलेली असेल, तर साधा उजेडही दुखतो. मायग्रेनमध्ये होते ते हेच आणि कन्कशननंतरचा त्रासही बऱ्याच जणांत त्याच्याशी मिळताजुळता असतो.

पडदे ओढून काळोखात बसणे आणि घरातही काळा गॉगल लावणे, ही पहिली स्वाभाविक प्रतिक्रिया. पण डोळे काळोखाला सरावतात, संवेदनशीलता वाढते आणि दोन आठवड्यांनी पूर्वी चालणारा उजेडही सोसवत नाही. २०२२मध्ये ॲमस्टरडॅम येथे झालेल्या क्रीडा-कन्कशन परिषदेनेही पूर्ण विश्रांतीऐवजी पहिले एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती आणि नंतर हळूहळू नेहमीचे व्यवहार, अशी दिशा दिली. बाहेर उन्हात गॉगल किंवा टोपी ठीक आहे. घरात मात्र उजेड थोडाथोडा वाढवत नेणे बरे.

मधला मार्ग म्हणून गुलाबीसर छटेची ‘एफएल-४१’ भिंगे वापरली जातात. ती निळ्या-हिरव्या पट्ट्यातील प्रकाश अधिक गाळतात. काहींना त्यांनी स्पष्ट आराम पडतो, काहींना दुसरी छटा मानवते, काहींना काहीच फरक पडत नाही. त्यामुळे आधी छटा लावून ट्यूबलाइटखाली बसून पाहावे, मग पैसे मोजावेत. दुकानात ‘ब्लू कट’ म्हणून मिळणारी जवळपास पारदर्शक भिंगे ही नव्हेत. ती निळ्याचा फारच थोडा भाग अडवतात. मोबाइलची ब्राइटनेस खोलीतील उजेडाएवढी ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय त्यापेक्षा सरस.

मात्र मार लागल्यानंतर डोळा लाल आहे, दुखतो आहे आणि उजेड सहन होत नाही, असे एकत्र असेल तर ते मेंदूचे प्रकरण नसून डोळ्याच्या आतील सूज असू शकते. त्यावर छटा नव्हे, तातडीची तपासणी लागते.

पुरावा किती भक्कम?

इथे दोन टोके आहेत. एका बाजूला व्हिजन थेरपीने वाचनदोष, अभ्यासातील मागासलेपण सारे सुटते, असे दावे केले जातात. अमेरिकेतील बालरोग आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९मध्ये संयुक्त निवेदन काढून, डिस्लेक्सियावर अशा थेरपीचा उपयोग होतो याला पुरावा नाही, असे स्पष्ट केले. या दाव्यांमुळे अनेक नेत्रतज्ज्ञ थेरपी या शब्दाकडेच संशयाने पाहतात. तो संशय अनाठायी नाही.

दुसऱ्या बाजूला कन्व्हर्जन्सच्या दोषापुरता पुरावा चांगला आहे. २००८मध्ये अमेरिकेत ९ ते १७ वयाच्या २२१ मुलांवर झालेल्या चाचणीत क्लिनिकमध्ये करून घेतलेल्या थेरपीने १२ आठवड्यांत ७३ टक्के मुले बरी झाली किंवा सुधारली. घरी केवळ पेन्सिल नाकाकडे आणण्याच्या व्यायामाने हे प्रमाण ४३ टक्के होते आणि क्लिनिकमधील बनावट थेरपीने ३५. म्हणजे एकटी पेन्सिल बनावट थेरपीच्या फार पुढे गेली नाही. आपल्याकडे आजही बहुतेकांना एका वाक्यात तीच सांगितली जाते, हे इथे नोंदवायला हवे. पण ही मुले कन्कशनची नव्हती.

कन्कशनच्या रुग्णांसाठी ‘कन्कस’ नावाची चाचणी अमेरिकेत झाली. तिच्यात लक्षणे रेंगाळलेल्या ११ ते २५ वयोगटातील रुग्णांना १६ सत्रे देण्यात आली. एका गटाला लगेच, दुसऱ्याला सहा आठवडे थांबून. लगेच थेरपी मिळालेल्यांमध्ये डोळे आत वळण्याची क्षमता थांबलेल्या गटापेक्षा ठळकपणे सुधारली. नुसता काळ गेल्याने हा दोष या रुग्णांत सुटला नाही, हा तिचा महत्त्वाचा निष्कर्ष. मात्र इथे बनावट थेरपीचा गट नव्हता, आणि चाळिशीनंतर भिंगच ताठ होत जाते, तेव्हा हे निष्कर्ष पन्नाशीच्या रुग्णाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. गर्दीत, मॉलमध्ये, चालत्या रिक्षातून बाहेर पाहताना होणाऱ्या गरगरण्यावर किंवा उजेडाच्या त्रासावर थेरपीचा पुरावा याहून बराच कच्चा आहे.

मग कधी आणि कोणाकडे जायचे?

बहुतेक प्रौढांची लक्षणे दोन आठवड्यांत आणि मुलांची चार आठवड्यांत आपोआप ओसरतात. त्यामुळे पाचव्या दिवशीच थेरपीचे महागडे पॅकेज घेण्यात अर्थ नाही. तीन-चार आठवड्यांनंतरही वाचताना दुहेरी किंवा अंधूक दिसत असेल, तर आधी नेत्रतज्ज्ञाकडून मज्जातंतू, दृष्टिपटल आणि डोळ्यातील सूज यांची शक्यता तपासून घ्यावी. त्यानंतर ज्या ऑप्टोमेट्रिस्टकडे दोन डोळ्यांच्या जुळणीची, म्हणजे ‘बायनॉक्युलर व्हिजन’ची तपासणी होते, त्याच्याकडे जावे. चष्म्याच्या प्रत्येक दुकानात ती होत नाही. मोठ्या नेत्र रुग्णालयांत या नावाचा स्वतंत्र विभाग किंवा ऑर्थोप्टिक्स विभाग असतो, आणि फोनवर तेवढेच विचारले तरी चालते.

जाताना अपघाताची तारीख, स्कॅनचा अहवाल, जुना चष्मा आणि एक छोटी नोंद सोबत असावी. दुहेरी दिसते ते जवळ की दूर, प्रतिमा शेजारी-शेजारी की वर-खाली, एक डोळा झाकल्यावर जाते की नाही आणि वाचायला बसल्यापासून किती मिनिटांनी सुरू होते, एवढ्या चार गोष्टी त्यात पुरेत. तपासणीही शक्यतो दुपारनंतर, दिवसभराच्या कामाने डोळे थकलेले असताना घ्यावी. सकाळी ताजेतवाने डोळे सात सेंटिमीटरवर निभावून नेतात आणि संध्याकाळी त्याच डोळ्यांना चौदावरही दोन दिसते.